तापाचा तक्ता वाचताना आधी तळाची रेघ पाहा

प्रश्न: वॉर्डात आम्ही रुग्णाचा ताप दर चार तासांनी मोजून तक्त्यावर हातानं मांडतो. पायरी-पायरीनं चढणारा ताप आणि मोठे हेलकावे घेणारा ताप हे प्रकार वाचून माहीत आहेत, पण प्रत्यक्ष तक्त्यावर मला सगळ्याच रेघा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. पाच-सहा दिवसांच्या नोंदींवरून नमुना नेमका ओळखायचा कसा?

उत्तर:

करवतीचे दाते दिसतात ते बरोबरच आहे. निरोगी माणसाचं तापमानही दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे ते सर्वांत कमी असतं, दुपारनंतर वाढत जाऊन संध्याकाळी सर्वांत जास्त होतं, आणि या दोन टोकांत साधारण एक अंश फॅरनहाइटचा फरक पडतो. ताप आला तरी ही रोजची चढउतार बंद पडत नाही, तापाच्या पातळीवर ती चालूच राहते. त्यामुळे दाते दिसले म्हणजे नमुना सापडला असं होत नाही. हे दाते रोज कोणत्या पातळीवरून सुरू होतात आणि कुठपर्यंत खाली येतात, ते पाहायचं असतं.

तक्ता हातात घेतल्यावर बहुतेकांची नजर वरच्या टोकांवर जाते, कारण १०३ किंवा १०४ हा आकडा धडकी भरवतो. माझा आग्रह मात्र असा असतो की आधी खालची टोकं पाहावीत. संध्याकाळी १०३ हा आकडा टायफॉइडमध्येही सापडेल आणि यकृताला गळू झालं असेल तरी सापडेल. या दोघांतला फरक पहाटेच्या नोंदीत दिसतो.

त्यासाठी एक साधं काम करा. पेन्सिलीनं तक्त्यावर दोन पुसट रेघा ओढा. रोजच्या सर्वांत वरच्या ठिपक्यांना जोडणारी एक, आणि रोजच्या सर्वांत खालच्या ठिपक्यांना जोडणारी दुसरी. पहिलीला शिखरांची रेघ म्हणू, दुसरीला तळाची. ९८.६ वर एक आडवी रेघ आधीपासून ठळक असू द्या. आता मधले दाते विसरा आणि या दोन रेघाच पाहा.

दोन्ही रेघा बरोबरीनं वर चढत असतील, त्यांच्यातलं अंतर साधारण दीड-दोन अंशांचंच असेल आणि तळाची रेघ दिवसेंदिवस ९८.६ पासून दूर जात असेल, तर तो पायरीचा ताप. संध्याकाळी चढलेला ताप सकाळी थोडा उतरतो, पण आदल्या सकाळच्या पातळीपर्यंत उतरत नाही, आणि पुढच्या संध्याकाळी आदल्या संध्याकाळपेक्षा वर जातो. म्हणजे चढताना जास्त, उतरताना कमी. याउलट शिखरांची रेघ वरच राहिली, तळाची रेघ ९८.६ च्या आसपास किंवा तिच्याही खाली लोळत असली आणि दोघींमध्ये चार-पाच अंशांची दरी पडली असली, तर तो हेलकाव्यांचा ताप. या दोहोंच्या मधलेही प्रकार असतात. दोन्ही रेघा वर, आडव्या आणि जवळजवळ असतील तर ताप सलग आहे. अंतर दोन अंशांहून जास्त आहे, पण तळ सामान्य पातळीला टेकत नाही, असा तक्ता तर कितीतरी आजारांत दिसतो आणि एकट्यानं फारसं काही सांगत नाही.

असं का होतं ते कळलं की नमुना पाठ करावा लागत नाही. टायफॉइडचे जंतू यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यांतल्या पेशींच्या आत शिरून वाढतात आणि तिथून रक्तात सतत थोडे थोडे येत राहतात. मेंदूतल्या तापमान-नियंत्रक केंद्राला मिळणारी चिथावणी दिवसागणिक वाढत जाते आणि ते केंद्र आपली पातळी हळूहळू वर सरकवतं. साचलेल्या पुवाचं तसं नाही. बंद जागेतला पू दाबाखाली असतो आणि त्यातले जंतू व विषारी द्रव्यं रक्तात लोंढ्यानं शिरतात. लोंढा आला की केंद्र एकदम वरची पातळी मागतं. शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं, स्नायू थरथरवतं, रुग्णाला हुडहुडी भरते आणि ताप तासाभरात सणकून चढतो. लोंढा ओसरला की घामानं अंथरूण भिजतं आणि ताप सामान्यावर येतो. म्हणून हेलकाव्यांच्या तापात चढ आणि उतार दोन्ही उभे असतात, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे थंडी नि घाम यांच्या नोंदी सापडतात.

आता तक्त्याच्या कागदाबद्दल, कारण हातानं काढलेल्या तक्त्यात निम्मा घोळ इथेच होतो. आलेखाच्या कागदावर उभ्या बाजूला एक सेंटीमीटर म्हणजे एक अंश फॅरनहाइट धरा. काचेच्या थर्मामीटरवर ०.२ अंशाच्या खुणा असतात, म्हणजे त्यातली प्रत्येक खूण दोन मिलीमीटरवर बसते आणि अंदाजे ठिपका मारावा लागत नाही. आडव्या बाजूला एका दिवसाला तीन सेंटीमीटर दिले की चार-चार तासांच्या सहा नोंदी सुटसुटीत मावतात. हे माप पूर्ण आजारपणात बदलू नका. नवं पान लावताना माप आवळलं तर आधीच्या पायऱ्या उंच आणि नंतरच्या बुटक्या दिसतात, आणि ताप उतरतोय असा भास होतो.

तोंडात मोजता की काखेत, हेही पानाच्या डोक्यावर लिहा. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी भरतं. दिवसपाळीत तोंडात आणि रात्रपाळीत काखेत मोजलं तर पहाटेचा तळ खोटाच खोल दिसणार. काहीजण काखेच्या आकड्यात मनानं एक अंश मिळवून लिहितात. तसं न करता जो आकडा दिसला तोच लिहावा. आणि एखादी नोंद चुकलीच तर तिथे जागा मोकळी सोडा, दोन्हीकडचे ठिपके सलग रेघेनं जोडू नका. त्या मोकळ्या जागेत एखादं शिखर दडलेलं असू शकतं.

आता एक तक्ता प्रत्यक्ष वाचू. तरुण रुग्ण, तापाच्या दुसऱ्या दिवशी दाखल. ताप तोंडात मोजलेला. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ च्या नोंदी अशा:

| तापाचा दिवस | सकाळ | संध्याकाळ |
|---|---|---|
| दुसरा | – | १००.४ |
| तिसरा | ९९.६ | १०१.२ |
| चौथा | १००.२ | १०२.२ |
| पाचवा | १०१.० | १०३.० |
| सहावा | १०२.० | १०३.६ |
| सातवा | १०२.४ | १०३.८ |

संध्याकाळचा रकाना वरून खाली वाचा. वाढ ०.८, १.०, ०.८, ०.६ आणि शेवटी ०.२. सकाळचा रकाना पाहा. तिथली वाढ ०.६, ०.८, १.० आणि ०.४. रोज रात्रीतून होणारी घट मात्र ०.८ ते १.२ अंशांच्या आतच आहे. म्हणजे दोन्ही रेघा जोडीनं चढल्या आणि सहाव्या-सातव्या दिवशी सपाट होऊ लागल्या. टायफॉइडच्या पहिल्या आठवड्याचं हे जुनं, ठरलेलं चित्र आहे. पायऱ्या संपल्या की पुढे उपचाराविना ताप वरच्या पातळीवर सलग राहतो, म्हणूनच हा नमुना पकडायचा तर पहिल्या चार-पाच दिवसांच्या नोंदी लागतात. रुग्ण आठव्या दिवशी आला तर पायऱ्या दिसायच्या नाहीत, नुसतं पठार दिसेल. अशा वेळी घरी मोजलेले आकडे कुणी लिहून ठेवले असतील तर ते मागून घ्या आणि तक्त्याच्या डाव्या बाजूला वेगळ्या रंगात मांडा.

पण हा तक्ता मूळ कागदावर इतका स्वच्छ नव्हता. पाचव्या दिवसापासून संध्याकाळची नोंद झाल्यावर सव्वासहाच्या सुमारास पॅरासिटामॉल दिलं जात होतं. रात्री १० ची नोंद पाचव्या दिवशी ९९.८, सहाव्या दिवशी १००.२ अशी होती आणि रात्री २ ला ताप पुन्हा १०२ च्या वर. सगळे ठिपके जोडल्यावर कागदावर खोल दऱ्या तयार झाल्या आणि पाहणाऱ्याला तो हेलकाव्यांचा ताप वाटला.

हा फसवा हेलकावा ओळखायला औषधाची खूण लागते. प्रत्येक डोसाच्या वेळेवर खाली टोक असलेला एक छोटा बाण काढा आणि त्याखाली प आणि मिलिग्रॅम लिहा. पॅरासिटामॉलचा उतार अर्ध्या-एक तासात सुरू होतो, दोन-तीन तासांत सर्वांत जास्त असतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. प्रत्येक दरी जर बाणानंतर तीन-चार तासांतच येत असेल, तर ती औषधानं पाडलेली दरी आहे. या रुग्णाच्या सगळ्या दऱ्या बाणांच्या मागोमाग होत्या. सकाळी ६ ची नोंद डोसापासून जवळपास बारा तासांवरची, म्हणजे औषधाच्या असरातून सुटलेली, आणि ती रोज चढतच होती. हुडहुडी एकदाही नव्हती. घाम होता, पण गोळीनंतरचाच. तळाची रेघ काढताना औषधाखालच्या नोंदी वगळल्या की पायऱ्या पुन्हा उघड्या झाल्या.

याचा अर्थ नमुना पाहण्यासाठी तळमळणाऱ्या रुग्णाला औषधाविना ठेवावं असा मुळीच नाही. डोस देण्याच्या अगदी आधी ताप मोजून घ्या, एवढंच पुरतं. दर सहा तासांनी ठरवून पॅरासिटामॉल चालू असेल तर मात्र त्या तक्त्यावर नमुना शोधू नका. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा फार वयस्क रुग्णांच्या तक्त्यावरही शिखरं बुटकी राहतात आणि त्यावरून आजार सौम्य आहे असं ठरवता येत नाही.

याच रुग्णाची नाडी १०३.६ तापाला ९२ होती. ताप एक अंश फॅरनहाइट वाढला की नाडी ढोबळमानानं दहानं वाढते असा वापरातला हिशेब आहे. त्या हिशेबानं ती १२० च्या पुढे हवी होती. तापाच्या मानानं नाडी मंद असणं टायफॉइडला पुष्टी देतं. प्रत्येक रुग्णात ते दिसत नाही आणि हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं चालू असतील तर त्याला काही अर्थ उरत नाही, पण ताप आणि नाडी एकाच कागदावर दोन रंगांत मांडायची सवय इथे उपयोगी पडते. रक्ताचं कल्चर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलं होतं, त्यात टायफॉइडचे जंतू वाढले. निदान कल्चरनं झालं. तक्त्यानं ते वेळेत पाठवायला लावलं. विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात नकारात्मक आली म्हणून पायऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये.

आता शेजारी दुसरा तक्ता ठेवू. फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण. पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी सकाळी ९८.४ आणि संध्याकाळी १०१.८, सहाव्या दिवशी ९८.० आणि १०३.०, सातव्या दिवशी ९७.८ आणि १०३.६, आठव्या दिवशी ९८.२ आणि १०३.४. शिखरांची रेघ सुरुवातीला चढते, म्हणून नुसत्या संध्याकाळच्या नोंदी पाहणारा याला पायरीचा ताप म्हणू शकतो. तळाची रेघ मात्र चारही दिवस सामान्यावर पडून आहे आणि दरी जवळपास सहा अंशांपर्यंत गेली आहे. चढाच्या आधी हुडहुडी, उतारावर घाम, आणि दऱ्या कोणत्याही बाणाशी बांधलेल्या नाहीत. आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सकाळी ताप ९८ असतानाही नाडी १०० च्या खाली येत नव्हती. सकाळी रुग्ण बसून बोलतो, ताप नसतो, आणि फेरीच्या वेळी सगळ्यांना बरं वाटतं. पण नाडी उतरली नसेल तर आत काहीतरी धुमसतंच आहे असं समजावं. या रुग्णाला उचकी लागत होती आणि उजवा खांदा दुखत होता. तपासणीत छाती-पोटामधल्या पडद्याखाली, यकृताच्या वर, पू साचलेला सापडला. नळी घालून निचरा केल्यावर दोन दिवसांत संध्याकाळचा ताप १००.६ वर आला.

अशा तक्त्यावर प्रतिजैविक बदलत बसण्यापेक्षा पू कुठे आहे ते शोधणं महत्त्वाचं असतं. यकृत, पडद्याखालची जागा, ओटीपोट, छातीतलं आवरण, अडथळा आलेलं मूत्रपिंड, तुंबलेली पित्तनलिका या जागा आधी तपासतात. निचरा झाल्यावरही तापाचा तक्ता नळीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचा. नळीतला स्राव अचानक थांबला आणि हेलकावे परतले, तर आतली जागा सुकली असं न समजता नळी तुंबली का ते आधी पाहा.

हेलकावे मोजताना वेळेची एक अडचण येते. हुडहुडी चालू असताना मोजलेला ताप हे शिखर नसतं, ताप त्यानंतरही चढत असतो. शिवाय त्या वेळी त्वचेचा रक्तपुरवठा आवळलेला असल्यानं काखेतला आकडा हमखास कमी येतो. हुडहुडी सुरू झालेली वेळ तक्त्यावर लिहा, आणि ती थांबल्यावर अर्ध्या ते एक तासानं पुन्हा मोजून वेगळा ठिपका टाका, ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका. फक्त सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ मोजणाऱ्या वॉर्डात रात्री २ वाजताचं शिखर कागदावर कधीच उमटत नाही. काही रुग्णांत दिवसातून दोन शिखरं येतात, आणि पसरलेल्या क्षयरोगात कधी कधी शिखर सकाळीच येतं. म्हणून ताप चौथ्या दिवसापुढे गेला आणि कारण कळलेलं नसलं, की दर चार तासांची मोजणी रात्रीही मोडू नये.

मलेरियाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एक दिवसाआड येणारा ताप तक्त्यावर सुरेख दिसतो खरा, पण पहिल्या काही दिवसांत मलेरियाचे परजीवी एका तालात नसतात आणि ताप रोज, अनियमित किंवा जवळजवळ सलगही असू शकतो. जिवाला धोका असणाऱ्या फॅल्सिपेरम मलेरियात तर ही लय अनेकदा जुळतच नाही. जिथे मलेरियाची शक्यता आहे तिथे तक्ता कसाही दिसो, रक्त तपासायचंच. नमुना उमटेपर्यंत थांबायला तिथे वेळ नसतो.

आणि उतरणीचा एक गोंधळ. टायफॉइडवर योग्य प्रतिजैविक सुरू केल्यावरही ताप दुसऱ्या दिवशी जात नाही, साधारण चार ते सात दिवस घेतो. उतरताना आधी सकाळच्या नोंदी खाली येतात, संध्याकाळच्या मागून येतात. त्यामुळे मधल्या दोन-तीन दिवसांत दरी रुंदावते आणि तक्ता हेलकाव्यांसारखा दिसू लागतो. वर सांगितलेल्या पहिल्या रुग्णात उपचाराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी १००.२ आणि संध्याकाळी १०२.८ होते. कुणालाही वाटेल की औषध लागू पडत नाही किंवा कुठेतरी पू झाला. पण तळाची रेघ १०२.४ वरून १००.२ वर उतरली होती, हुडहुडी नव्हती, नाडी शांत होती आणि त्यानं स्वतःहून खायला मागितलं होतं. औषध तेच चालू ठेवलं, पाचव्या दिवशी संध्याकाळचा ताप १०० च्या खाली आला.

सगळ्यात जास्त जपायचं ते एकदम खाली येणाऱ्या रेघेला. टायफॉइडच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप काही तासांत तीन-चार अंशांनी कोसळला आणि त्याच वेळी नाडीची रेघ वर चढून तापाच्या रेघेला छेदून गेली, तर आतड्यातून रक्तस्राव झाला आहे किंवा आतड्याला भोक पडलं आहे असं समजून चाला. ताप उतरला म्हणून पुढच्या फेरीपर्यंत थांबू नका. लगेच रक्तदाब मोजा, पोट दुखतं का, ताठरलं आहे का ते पाहा, शौच काळी किंवा लाल झाली का ते विचारा, तोंडानं काही देणं थांबवा आणि डॉक्टरांना त्याच मिनिटाला बोलवा.